ठिबकचा हिशेब, एकरी आणि तोंडी

ठिबक सिंचनाची सभा गावात भरली की पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "शेतकरी बंधूंनो, ठिबकमुळे पाण्याची पन्नास टक्क्यांपर्यंत बचत होते." वाक्य खोटं म्हणता येत नाही. पण समोर बसलेल्या माणसानं त्याचं करायचं काय? आपल्या उसाला वर्षाला किती लिटर पाणी लागतं हे त्याला ठाऊक नसतं, कारण ते मोजायची वेळच कधी आलेली नसते. जे मोजलेलंच नाही त्याचं निम्मं किती, हे कोण सांगणार? मोटर किती तास चालते, पाळी किती दिवसांनी येते, दारं धरायला कोण जातं आणि उन्हाळ्यात विहीर किती वेळात तळ दाखवते, हे मात्र त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. सभेची संहिता लिहिणाऱ्यानं याच मापांत बोलायला हवं.

अशा संहिता सहायक कृषी अधिकारी लिहितात, साखर कारखान्यांचे शेती अधिकारी लिहितात, ठिबकचे विक्रेतेही लिहितात. विक्रेत्याच्या संहितेत टक्के जास्त असतात आणि रुपये कमी, हा माझा अनुभव. म्हणून इथे एकच पीक आणि एकच एकर घेऊन, सभेत मोठ्यानं म्हणता येईल असा हिशेब मांडतो. पीक सुरू हंगामाचा ऊस, जागा कृष्णाकाठ. सरीतलं अंतर पाच फूट, पाणी विहिरीचं, मोटर पाच अश्वशक्तीची. मजुरी, साहित्य आणि उत्पन्नाचे आकडे नमुन्याचे धरले आहेत. सभा ज्या गावात असेल तिथले दर त्यांच्या जागी घालायचे, हिशेबाची रीत तीच राहते.

सुरुवात पाण्यानं करावी, पण लिटरपाशी थांबू नये. संहितेतला हा भाग असा बोलता येतो:

"मंडळी, तुमची मोटर तासाला किती पाणी फेकते ते आधी पाहू. दोनशे लिटरचं बॅरल पाइपाखाली धरा आणि घड्याळ लावा. अठ्ठावीस सेकंदांत भरलं तर तासाला सव्वीस हजार लिटर झालं. आता पाटानं एकरभर ऊस भिजवायला किती तास लागतात? आबा, तुम्ही सांगा. साडेअकरा तास? म्हणजे एका पाळीला तीन लाख लिटर पाणी गेलं. उन्हाळ्यात दर आठ दिवसांनी पाळी देता, म्हणजे एका एकराला रोजचं साडेसदतीस हजार पडलं. ठिबकवर उन्हाच्या कडाक्यात त्याच एकराला रोज चोवीस हजाराच्या आसपास द्यावं लागतं. आता विहिरीकडे या. मे महिन्यात मोटर रोज तीन तासच चालते असं धरू. तीन तासांत अठ्ठ्याहत्तर हजार लिटर मिळतं. पाटानं त्यात दोन एकर भागतात, ठिबकनं सव्वातीन."

लोकांच्या लक्षात राहतो तो हा शेवटचा आकडा. दोन एकरांची विहीर सव्वातीन एकरांना पुरते, हे वाक्य माणूस घरी जाऊन बायकोला सांगू शकतो. शिवाय त्यात नेमकेपणा आहे. वाचलेलं पाणी कुठून आलं, तेही इथे सांगून टाकावं. ऊस पानांतून जेवढं पाणी उडवतो तेवढं तो ठिबकवरही उडवणारच. वाचतं ते पाटात मुरणारं, सरीच्या टोकाला साचणारं आणि मुळांच्या खाली निघून जाणारं पाणी. म्हणून हलक्या, निचऱ्याच्या रानात बचत जास्त दिसते. ज्याची सरी आखूड आहे आणि जो आधीपासूनच हात राखून पाणी देतो, त्याला ती कमी दिसते. अशा माणसाला पन्नास टक्के सांगितले तर पुढच्या वर्षी तोच सभेत उठून उभा राहील.

आता विजेचं. जुन्या संहितांमध्ये "वीजबिलात एवढी बचत" असा एक परिच्छेद असतो. तो काढून टाकावा. राज्यात एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना बिल येत नाही. ज्याचं बिल शून्य आहे त्याला बिलातली बचत सांगणं म्हणजे सभेतला विश्वास घालवणं. सांगायचे ते तास. पाटाच्या एका पाळीला साडेअकरा तास लागतात आणि शेतीची वीज आठच तास मिळत असेल तर एक एकर भिजायला दीड दिवस जातो, त्यातही रात्रपाळीची वीज आली तर रात्र शेतात. ठिबकवर याच मोटरवर दोन एकर एकाच वेळी पावणेदोन ते दोन तासांत उरकतात.

हे दोन तास आले कुठून, ते फळ्यावर करून दाखवावं. पाच फुटांच्या सरीला एकरात साधारण २,६५० मीटर नळी बसते. तिच्यात दर ४० सेंटिमीटरला ताशी दोन लिटरचा ड्रीपर असला तर सुमारे ६,६०० ड्रीपर झाले. ते सगळे मिळून तासाला तेरा हजार लिटर पाणी देतात. चोवीस हजार हवं असेल तर पावणेदोन तासांहून थोडं जास्त. हा हिशेब सभेत करणं फार गरजेचं आहे, कारण ठिबक बसवलेल्या बऱ्याच रानांत बचत नेमकी इथेच हरवते. दोन ओळींच्या मधली जमीन कोरडी दिसते, माणसाला वाटतं ऊस तहानलेला आहे, आणि तो संच सहा-सहा तास चालू ठेवतो. वर ओल दिसत नाही, खाली मात्र मुळांच्या पलीकडे पाणी जात राहतं. ठिबक असूनही विहीर लवकर आटते ती अशी. "किती वेळ चालवू?" या प्रश्नाला महिन्यागणिक मिनिटांत उत्तर नसेल तर ती संहिता अपुरी समजावी.

इथून पुढे रुपये.

सर्वांत आधी अनुदानाचा गैरसमज दूर करायचा. राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या 'प्रति थेंब अधिक पीक' या घटकात अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. राज्याची पूरक रक्कम मिळवून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. सभेत "ऐंशी टक्के" ऐकलेला माणूस मनात लगेच वजाबाकी करतो: साठ हजाराचा संच, आपले बारा हजार. पण ऐंशी टक्के हे दुकानदाराच्या बिलावर मिळत नाहीत, सरकारनं ठरवलेल्या खर्च मर्यादेवर मिळतात. संहितेत ते असं यावं:

"समजा तुमचं बिल साठ हजार झालं. सरकारी हिशेबात त्या संचाचा खर्च पंचेचाळीस हजारच धरला, तर ऐंशी टक्के त्या पंचेचाळिसाचे. म्हणजे छत्तीस हजार. तुमच्या खिशातून गेले चोवीस हजार, बारा नव्हे. दुसरी गोष्ट, हे छत्तीस हजार पहिल्या दिवशी मिळत नाहीत. महाडीबीटीवर अर्ज करायचा, पूर्वसंमती आली की मगच संच घ्यायचा, बसवायचा, बिल चढवायचं, मोका तपासणी व्हायची, आणि मग पैसे खात्यावर. तोवर साठच्या साठ हजार तुमचे अडकलेले. पूर्वसंमतीच्या आधी घेतलेल्या संचावर अनुदानाची आशा धरू नका."

हे ऐकून दोन-चार जण उठून जातील. जाऊ द्यावेत. बाकीचे पुढचं लक्ष देऊन ऐकतात.

चोवीस हजार एका वर्षावर टाकायचे नसतात. नळ्या नीट राखल्या तर सात वर्षं धरायला हरकत नाही, म्हणजे वर्षाला तीन हजार चारशे. आम्ल, जोड, एखादी फुटलेली नळी आणि फिल्टरची देखभाल यांचे वर्षाला दोन हजार. ठिबकचा वर्षाचा खर्च झाला पाच हजार चारशे. आता समोरच्या बाजूला बचत लिहायची आणि ती एकेक ओळ सभेकडूनच वदवून घ्यायची.

"वर्षाला पाण्याच्या पाळ्या किती? पंचवीस धरू. एका पाळीला दारं धरणाऱ्याची एक हजेरी, चारशे रुपये. दहा हजार झाले. ठिबक आलं म्हणून माणूस पूर्ण सुटत नाही. व्हॉल्व्ह फिरवायचे, फिल्टर धुवायचा, ओळीतून चक्कर मारायची. त्याचे अडीच हजार ठेवा. वाचले साडेसात हजार. पुढे भांगलण. ओळींच्या मधे पाणी नाही, तर तण कमी. एक भांगलण वाचली, सहा बायका, तीनशेप्रमाणे अठराशे. आता खत."

खतापाशी आपण जरा थांबू, कारण इथे सगळ्यांत जास्त फुगवाफुगवी होते. "खतात तीस टक्के बचत" हे ऐकायला भारी वाटतं. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १०० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात साधारण पावणेएकवीस किलो नत्र असतं, तेव्हा एकराला पाच पोती लागतात. ठिबकमधून थोडंथोडं दिल्यामुळे त्यातला चौथा हिस्सा वाचला तर सव्वा पोतं झालं. पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. म्हणजे खताची ही बहुचर्चित बचत साडेतीनशे रुपयेसुद्धा भरत नाही! युरिया इतका स्वस्त असताना दुसरं काही होणारही नाही. उलट ठिबक बसलं की दुकानदार विद्राव्य खतांच्या पिशव्या पुढे करतो. त्यांतलं नत्र आणि पालाश साध्या खतांच्या तुलनेत बरंच महाग पडतं. सगळा डोस त्यांवर नेला तर खतांचा खर्च कमी व्हायच्या जागी वाढतो. नत्रासाठी युरिया आणि पालाशासाठी पांढरा पोटॅश पाण्यात चांगला विरघळतो, तेव्हा ठिबकमधून तेच द्यावेत. स्फुरद लागणीच्या वेळी मातीतच घालावा. डीएपी मात्र ठिबकच्या टाकीत ओतू नये, त्याचा गाळ राहतो आणि तो ड्रीपरच्या तोंडाशी बसतो. खतामुळे उसाला फायदा होत नाही असं मी म्हणत नाही. आठवड्याला थोडं नत्र मुळाशी मिळालं की ऊस ते उचलतो. पण तो फायदा वजनात दिसेल, पोत्यांच्या बिलात नाही.

बेरीज अशी झाली: साडेसात हजार, अठराशे आणि साडेतीनशेच्या आतबाहेर. साडेनऊ हजारांच्या थोडं वर. त्यातून ठिबकचे पाच हजार चारशे गेले, उरले चार हजार दोनशे. एकरी, वर्षाला. अनुदानाशिवाय साठ हजारांचा संच सात वर्षांवर वाटला तर देखभालीसह वर्षाचा खर्च साडेदहा हजार होतो, म्हणजे निव्वळ बचतीवर हजारभर रुपये अंगावर येतात. हा शेवटचा आकडा विक्रेत्याच्या सभेत कोणी म्हणणार नाही, पण शेतकऱ्यानं तो ऐकलाच पाहिजे.

आणखी एक अवघड जागा आहे. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतोच: "साहेब, आमच्यात दारं धरायला गडी नसतो, मीच असतो. मग माझे साडेसात हजार कुठं वाचले?" प्रश्न बिनतोड आहे. त्याच्यासाठी रोख बचत दोन हजार एकशेची आणि खर्च पाच हजार चारशेचा. बचतीच्या बाजूनं ठिबक त्याला तोट्याचंच पडतं. त्याच्या वाचलेल्या हजेऱ्यांचं काय होतं यावर सगळं अवलंबून आहे. तो गोठ्यात दोन म्हशी वाढवणार असेल, दुसऱ्याच्या कामावर जाणार असेल किंवा मोकळ्या झालेल्या पाण्यावर आणखी सव्वा एकर भिजवणार असेल तर हिशेब फिरतो. नाहीतर मिळते ती रात्रीची झोप. तिला मोल आहे, पण ती रुपयांच्या रकान्यात लिहून आकडा फुगवू नये.

उत्पन्नाचा भाग मी मुद्दाम वेगळा ठेवतो. ओल आणि हवा दोन्ही मुळाशी राहिल्यानं ठिबकवरचा ऊस बहुतेक ठिकाणी वाढीव वजन देतो. पण बचत आणि वाढीव उत्पन्न एकाच बेरजेत घातले की ऐकणाऱ्याला कोणता आकडा खात्रीचा आणि कोणता आशेचा हे कळत नाही. संहितेत एवढंच म्हणावं: "तोडणी-वाहतूक जाऊन टनाला तीन हजार हातात पडतात असं धरा. एकरी चार टन वाढला तर बारा हजार. वाढला नाही तर शून्य. आधी चार हजार दोनशेवर विचार करा, वरचं मिळालं तर तुमचं." कृष्णाकाठी याला एक पुस्ती जोडता येते. अति पाण्यानं या पट्ट्यातली बरीच जमीन क्षारपड झाली आहे. जिथे पाणी खाली मुरून वर क्षार आणतं, तिथे कमी पाणी देणं हा जमीन राखायचा खर्चही असतो. मात्र आधीच पांढरी पडलेली जमीन नुसत्या ठिबकनं सुधारत नाही. तिथे चर काढून निचरा करावाच लागतो.

बसवलेला संच सात वर्षं टिकला तरच वरचं गणित खरं. म्हणून सभेत एखादा तुकडा नळी, एक मापाचा पेला आणि पाण्याची बाटली असावी. ताशी दोन लिटरचा ड्रीपर तीन मिनिटांत १०० मिलिलिटर देतो. नळीच्या तोंडाजवळचा एक आणि शेवटचा एक ड्रीपर असा पेल्यात मोजायचा. पहिला शंभर आणि शेवटचा सत्तर भरला तर ऊस टोकाकडे लहान राहणार, आणि तो लहान राहिल्यावर कारण शोधायला उशीर झालेला असणार. दोन्हीकडे कमी भरलं तर दाब कमी आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबमापकात अर्ध्या किलोहून जास्त फरक दिसला की तो धुवायची वेळ झाली. नुसती टोकं मंद असतील तर बूच काढून नळ्या धुवाव्यात, आतला चिखल बाहेर येतो. विहिरीचं पाणी जड असेल, म्हणजे घरच्या भांड्यांवर पांढरा थर धरत असेल, तर तोच थर ड्रीपरमध्येही बसतो आणि आम्ल सोडल्याशिवाय निघत नाही. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, हे वाक्य संहितेत ठळक लिहावं आणि दोनदा म्हणावं. आणि पाचट पेटवायची सवय असेल तर ठिबक घेऊच नये. तोडणीआधी नळ्या गुंडाळायच्या राहिल्या आणि मागून काडी लागली, तर सात वर्षांचा हिशेब एका संध्याकाळी संपतो.

दोन प्रकारच्या शेतकऱ्यांना मात्र हा हिशेब जसाच्या तसा सांगता येत नाही. उपसा सिंचनाच्या पाण्यावर ऊस करणाऱ्याची पाणीपट्टी एकरावर ठरलेली असेल तर कमी पाणी वापरलं म्हणून ती कमी होत नाही. शिवाय त्याचं पाणी दहा-पंधरा दिवसांनी पाळीनं येतं आणि ठिबकला ते रोज नाहीतर दिवसाआड लागतं. मधल्या दिवसांसाठी शेततळं किंवा विहीर हवी, आणि शेततळ्याचा खर्च संचाच्या खर्चात धरला की एकरी आकडा पार बदलतो.

दुसरा वाटेकरी. सातबारा मालकाच्या नावावर, त्यामुळे अनुदानाचा अर्ज त्याचा, संच त्याचा, गुंतवणूकही त्याची. वाचणारी मेहनत मात्र वाटेकऱ्याची, कारण दारं तोच धरत होता. मालकाला बचतीतलं काहीच दिसत नाही, तेव्हा तो पैसे घालत नाही. वाटेकऱ्याला दिसतं, पण त्याच्या हातात काही नाही. अशा जोडीला संहितेतला एक प्रश्न थेट विचारावा: "वर्षाचे पाच हजार चारशे कोण किती देणार, आणि वाढलेल्या टनांचा वाटा जुन्याच हिश्श्यानं पडणार का?" याचं उत्तर सभेत मिळत नाही. दोघांना फळ्यावरची बेरीज कागदावर उतरवून द्यावी आणि लागणीआधी घरी बसून ठरवायला सांगावं.